वेळापत्रकांचे स्क्रीनशॉट आणि सर्वांत लवकर पोचण्याचं गणित



इयत्ता चौथी-पाचवीला आपण कालमापन शिकवतो. घड्याळ वाचणं, तास-मिनिटांची बेरीज-वजाबाकी, २४ ताशी घड्याळ, एवढं झालं की घटक संपतो. पण हेच गणित घरी वेगळ्या रूपात येतं. कुणाला पुण्याला दवाखान्यात जायचं असतं, कुणाला परीक्षेला. मग नातेवाईक व्हॉट्सअॅपवर वेळापत्रकांचे फोटो आणि स्क्रीनशॉट पाठवतात. एक एसटी स्टँडवरच्या फलकाचा, एक रेल्वेच्या अॅपचा, एक कुणीतरी कुठून तरी उचललेला. प्रत्येक फोटोत एकाच टप्प्याची माहिती असते. "आता यातलं नेमकं कशानं जायचं?" याचं उत्तर मात्र कोणत्याच फोटोत नसतं. ते आपल्याला काढावं लागतं.

हे उत्तर अंदाजाने न काढता हमखास बरोबर काढण्याची एक पद्धत आहे. तिला लागतो एक कागद, एक पेन आणि मिनिटांची बेरीज. आज तीच पद्धत आपल्या जिल्ह्यातला एक प्रवास घेऊन पाहू.

उदाहरण काय आहे?

पाथर्डीच्या एका आजींना नातीसोबत बुधवारी दुपारी २ वाजता पुण्यात ससून रुग्णालयात तपासणीला पोचायचं आहे. ससून पुणे स्टेशनच्या जवळ आहे, त्यामुळे आपलं शेवटचं ठिकाण "पुणे स्टेशन" धरू. सकाळी ७ च्या आधी घरातून निघणं त्यांना जमणार नाही. तपासणीची वेळ हुकली तर पुन्हा नंबर लावा, पुन्हा दिवस मोडा. म्हणून हिशेब नीट झाला पाहिजे.

पाथर्डीला रेल्वे नाही. नगरपर्यंत रस्त्यानेच यावं लागतं. नगरहून पुण्याला जायला दोन वाटा आहेत. एक सरळ रस्ता. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी याच पुणे-नगर रस्त्यावर धावली होती. दुसरी वाट रेल्वेची, दौंड-मनमाड मार्गावरून दौंडकडे आणि तिथून पुण्याला.

खालच्या सगळ्या वेळा मी वर्गातल्या सरावासाठी बसवलेल्या आहेत. ठिकाणं खरी आहेत, वेळा खऱ्या नाहीत. खऱ्या प्रवासाला त्या दिवशीच्या ताज्या वेळाच घ्याव्यात.

पायरी १ : स्क्रीनशॉटमधून नेमकं काय उतरवायचं?

आपली पहिली सवय असते फोटो पुढे-मागे सरकवत बघण्याची. एका फोटोतली वेळ डोक्यात ठेवायची, दुसऱ्या फोटोत शोधायचं, मग पहिली विसरायची. ही सवय आधी सोडायची. प्रत्येक गाडी कागदावर एका ओळीत उतरवायची. ओळीत पाचच गोष्टी हव्यात : कुठून, किती वाजता सुटते, कुठे, किती वाजता पोचते, आणि कोणत्या वारी धावते.

सोपं वाटतं, पण चुका इथेच जास्त होतात. काही नेहमीच्या सांगते.

पहिली चूक नावांची. नगरला एसटीची स्टँड एक नाही, तीन आहेत : माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकातलं पुणे बसस्थानक. रेल्वे स्टेशन तर यांपासून वेगळंच. चार फोटोंत चारही ठिकाणी नुसतं "नगर" लिहिलेलं असलं, तरी कागदावर ती चार वेगळी ठिकाणं म्हणूनच लिहायची. जुन्या स्क्रीनशॉटवर "अहमदनगर" आणि नव्यावर "अहिल्यानगर" दिसेल, ते मात्र एकच गाव.

दौंडचं त्याहून अवघड आहे. रेल्वेच्या अॅपमध्ये `DD` म्हणजे दौंड जंक्शन आणि `DDCC` म्हणजे दौंड कॉर्ड लाइन. नगरकडून पुण्याला जाणारी गाडी जंक्शनमध्ये गेली की तिचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं, कारण पुण्याकडे जाताना दिशा उलटी होते. तो वेळ वाचावा म्हणून बाहेरून एक जोडमार्ग काढला आणि त्यावर वेगळं स्थानक झालं. म्हणून काही गाड्या जंक्शनला जातच नाहीत. फोटोत दोन्हीकडे "दौंड" वाचून कुणी कॉर्ड लाइनला उतरला आणि पुढची गाडी जंक्शनहून असली, तर ती त्याला प्लॅटफॉर्म बदलून मिळणार नाही. दोन्ही स्थानकं वेगवेगळी आहेत. म्हणून नाव वाचून थांबू नका, शेजारचा कोडही उतरवा.

दुसरी चूक सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळेची. रेल्वेच्या तक्त्यात प्रत्येक स्थानकापुढे दोन वेळा असतात, आगमन आणि प्रस्थान. आपण चढतो तिथली प्रस्थानाची घ्यायची, उतरतो तिथली आगमनाची. एसटीच्या फलकावर मात्र बहुतेक वेळा फक्त त्या स्टँडवरून सुटण्याची वेळ असते. पोचण्याची वेळ फोटोत नसतेच. ती त्या मार्गावर नेहमी जाणाऱ्याला किंवा चौकशी खिडकीवर विचारून लिहायची, आणि पुढे "अंदाजे" असं नोंदवायचं. गाडी दुसरीकडून येऊन आपल्या स्टँडवरून पुढे जाणारी असेल, तर फलकावरची सुटण्याची वेळसुद्धा अंदाजेच समजायची.

तिसरी चूक वारांची. रेल्वेच्या तक्त्यात वारांची एक ओळ असते आणि गाडी नसलेले वार फिकट दिसतात. स्क्रीनशॉट काढताना ही ओळ हमखास कापली जाते. शिवाय पूर्ण मार्गाच्या तक्त्यात दिलेले वार बहुधा गाडी जिथून *निघते* तिथले असतात. समजा एखादी लांब पल्ल्याची गाडी सोमवारी निघते आणि नगरपुढे "दिवस २" लिहिलेलं आहे. मग ती नगरला मंगळवारी येते. आपल्या कागदावर मंगळवार लिहायचा.

आणि शेवटी, स्क्रीनशॉट कधीचा आहे ते पाहायचं. फोटोच्या वरच्या पट्टीत घड्याळ दिसतं, पण तारीख बहुधा दिसत नाही. ज्यानं पाठवला त्याला विचारायचं, कारण पुढे ढकललेल्या फोटोवर आपल्या फोनमध्ये दिसते ती आपल्याकडे आल्याची तारीख.

पायरी २ : एकच यादी, सुटण्याच्या वेळेनुसार

आता खरी युक्ती. एसटीची यादी वेगळी आणि रेल्वेची वेगळी अशी ठेवायची नाही. सगळ्या ओळी एकत्र करायच्या आणि सुटण्याच्या वेळेनुसार क्रमाने लावायच्या. कोणती गाडी कोणत्या फोटोतली आहे हे विसरून जायचं.

| ओळ | सुटते | कुठून | कुठे | पोचते | वार |
|---|---|---|---|---|---|
| १ | ०७:१० | पाथर्डी | माळीवाडा | ०८:५० | रोज |
| २ | ०७:३० | पाथर्डी | पुणे स्टेशन (थेट एसटी) | १२:४० | रोज |
| ३ | ०७:४५ | पाथर्डी | माळीवाडा | ०९:१५ | रोज |
| ४ | ०९:०० | स्वस्तिक चौक | पुणे स्टेशन | १२:१५ | रोज |
| ५ | ०९:३० | नगर रेल्वे | दौंड जंक्शन | ११:०५ | रोज |
| ६ | ०९:३५ | स्वस्तिक चौक | पुणे स्टेशन | १३:०० | रोज |
| ७ | ०९:४० | नगर रेल्वे | पुणे स्टेशन (कॉर्ड लाइनवरून) | १२:०५ | मंगळ, शनि |
| ८ | १०:०० | स्वस्तिक चौक | पुणे स्टेशन | १३:२० | रोज |
| ९ | ११:२० | दौंड जंक्शन | पुणे स्टेशन | १२:३५ | रोज |
| १० | ११:५० | दौंड जंक्शन | पुणे स्टेशन | १३:२० | रोज |

सोपं जावं म्हणून सगळ्या एसटी पुणे स्टेशनच्या स्टँडला जातात असं धरलं आहे. खऱ्या प्रवासात गाडी शिवाजीनगरची असेल तर ते वेगळं ठिकाण लिहायचं. शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवलं होतं, त्यामुळे गाडी नेमकी कुठे सोडते ते आधी विचारून घ्यायचं.

यादीखाली बदलीचा वेळ लिहायचा. वेळापत्रकात तो कधीच नसतो, पण निर्णय त्याच्यावरच ठरतो. आपण असा धरू :

- माळीवाडा ते स्वस्तिक चौक : १५ मिनिटं
- माळीवाडा ते रेल्वे स्टेशन : ३० मिनिटं (रिक्षा, तिकीट, प्लॅटफॉर्म)
- दौंड जंक्शनला गाडी बदलणं : १० मिनिटं

सोबत म्हातारं माणूस, लहान मूल किंवा जड पिशवी असेल तर हे आकडे वाढवायचे.

पायरी ३ : वरून खाली एकदाच वाचायचं

यादीच्या बाजूला प्रत्येक ठिकाणाचं नाव लिहा आणि त्यापुढे "मी इथे लवकरात लवकर किती वाजता असू शकते" ती वेळ लिहा. सुरुवातीला फक्त एकच वेळ माहीत आहे : पाथर्डी ०७:००. बाकी सगळीकडे रेघ.

आता प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारायचे.

एक : ही गाडी सुटण्याआधी मी तिथे पोचलेली असते का?
दोन : ही गाडी मला तिथे, आत्तापर्यंत लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर नेते का?

दोन्हींचं उत्तर "हो" असेल तरच नवी वेळ लिहायची आणि शेजारी कंसात ओळीचा नंबर टाकायचा. नाहीतर पुढची ओळ.

चला, बुधवारसाठी करून पाहू. आधी ओळ ७ खोडली, कारण ती फक्त मंगळवारी आणि शनिवारी आहे.

ओळ १. पाथर्डीत मी ७ ला आहे, गाडी ०७:१० ची. मिळते. माळीवाडा ०८:५० (ओळ १). बदलीचा वेळ मिळवून लगेच लिहायचं : स्वस्तिक चौक ०९:०५, नगर रेल्वे ०९:२०.

ओळ २. थेट गाडी मिळते. पुणे स्टेशन १२:४० (ओळ २).

ओळ ३. मिळते, पण माळीवाड्याला ०९:१५ ला नेते. माझ्याकडे ०८:५० आधीच आहे. बदल नाही.

ओळ ४. स्वस्तिक चौकातून ०९:०० ला सुटते. मी तिथे ०९:०५ ला असते. पाच मिनिटांनी हुकली. नुसते फोटो पाहून ठरवणारा माणूस इथेच फसतो. "नगरला ०८:५० ला पोचतो, ९ ची गाडी आहे, सव्वाबाराला पुण्यात" असं त्याला दिसतं, कारण दोन्ही फोटोंत नुसतं "नगर" लिहिलेलं असतं.

ओळ ५. नगर रेल्वेला मी ०९:२०, गाडी ०९:३०. मिळते. दौंड जंक्शन ११:०५, गाडी बदलायला तयार ११:१५ (ओळ ५).

ओळ ६. मिळते, पण १३:०० ला नेते. पुण्यासाठी १२:४० आधीच आहे. बदल नाही.

ओळ ८. मिळते, पण १३:२०. बदल नाही.

ओळ ९. दौंडला मी ११:१५ ला तयार, गाडी ११:२० ची. मिळते. पुण्याला १२:३५. हे १२:४० पेक्षा लवकर आहे! १२:४० खोडून १२:३५ (ओळ ९) लिहायचं.

ओळ १०. मिळते, पण १३:२०. बदल नाही.

यादी संपली. उत्तर १२:३५. आता कंसातले नंबर मागे मागे वाचत जा : पुण्याला ओळ ९ ने, दौंडला ओळ ५ ने, माळीवाड्याला ओळ १ ने. झाला प्रवास तयार.

मुलं इथे एक चांगला प्रश्न विचारतात : "मॅडम, एकदाच वाचून कसं चालेल? वरची एखादी ओळ परत बघायला नको का?" नको, आणि ते क्रमामुळे. यादी सुटण्याच्या वेळेनुसार आहे. ११:२० च्या गाडीपाशी आपण आलो म्हणजे त्याआधी सुटणाऱ्या सगळ्या गाड्या वाचून झाल्या. ११:२० च्या आत दौंडला पोचवणारी गाडी ११:२० च्या आधीच सुटलेली असणार. म्हणजे ती वरच आली. खाली अशी गाडी असूच शकत नाही. यादी गावांनुसार किंवा पोचण्याच्या वेळेनुसार लावली असती, तर हा भरवसा राहिला नसता.

ही पद्धत माझी नाही. कॉम्प्युटरवर प्रवास शोधण्यासाठी जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ती मांडली. तिला "कनेक्शन स्कॅन" म्हणतात. तिथे यादीत लाखो ओळी असतात, आपल्याकडे दहा. दोन्हीकडे प्रश्न तेच दोन.

"सर्वांत लवकर" म्हणजे नेमकं काय?

आता आपल्या उत्तराकडे नीट बघू. १२:३५ ला पोचवणारा प्रवास ०७:१० ला सुरू होतो. एकूण ५ तास २५ मिनिटं. थेट एसटी ०७:३० ला निघून १२:४० ला पोचते. एकूण ५ तास १० मिनिटं. म्हणजे रेल्वेचा प्रवास पाच मिनिटं *लवकर पोचतो*, पण थेट एसटीपेक्षा पंधरा मिनिटं *जास्त वेळ घेतो*. "फास्ट कोणता?" या प्रश्नाची ही दोन वेगळी उत्तरं झाली.

तिसरंही एक आहे. आजींना १२:३५ ला पोचायची घाई नाही, २ वाजेपर्यंत पोचलं तरी चालेल. मग प्रश्न असा होतो : जास्तीत जास्त उशिरा निघून वेळेत पोचता येईल का? याला हीच यादी खालून वर वाचायची. आता प्रत्येक ठिकाणापुढे "मला इथे उशिरात उशिरा किती वाजता असलं पाहिजे" ही वेळ लिहायची. पुणे स्टेशनपुढे १४:०० लिहून सुरुवात.

ओळ १० वेळेत पोचते, म्हणून दौंड जंक्शनला ११:५० पर्यंत असलं तरी चालेल. ओळ ९ लवकरची आहे, तिने काही बदलत नाही. ओळ ८ वेळेत पोचते, म्हणून स्वस्तिक चौकात १०:०० पर्यंत, म्हणजे माळीवाड्यात ०९:४५ पर्यंत. ओळ ६ ने बदल नाही. ओळ ५ धरली तर नगर रेल्वेला ०९:३० पर्यंत, म्हणजे माळीवाड्यात ०९:०० पर्यंत असावं लागेल. ०९:४५ ची सवलत आधीच मिळाली आहे, म्हणून माळीवाड्याची वेळ बदलायची नाही. ओळ ४ ने बदल नाही. ओळ ३ माळीवाड्याला ०९:१५ ला आणते, हे ०९:४५ च्या आत आहे. म्हणून पाथर्डी ०७:४५.

म्हणजे ०७:४५ ची गाडी, मग स्वस्तिक चौकातून ०९:३५ ची मिळाली तर १३:००, नाही मिळाली तर १०:०० ची आणि १३:२०. दोन्ही वेळा २ च्या आत.

एकाच यादीतून तीन उत्तरं निघाली. सर्वांत लवकर पोचायचं तर रेल्वे. प्रवासात कमीत कमी वेळ घालवायचा तर थेट एसटी. सर्वांत उशिरा निघायचं तर ०७:४५. म्हणून यादीला हात लावण्याआधी विचारायचं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

चुकली तर काय?

रेल्वेच्या प्रवासात दोन बदल्या आहेत. पहिल्या बदलीत नगर स्टेशनवर हातात १० मिनिटं राहतात, दुसऱ्या बदलीत दौंडला फक्त ५. यादीतून हेही वाचता येतं. प्रत्येक बदलीपाशी थांबून विचारायचं : ही गाडी गेली तर पुढची कोणती?

दौंडला ११:२० ची गेली तर ११:५० ची आहे, पुण्याला १३:२०. नगरला ०९:३० ची गेली तर रिक्षाने स्वस्तिक चौकात यायचं. वीस मिनिटं धरली तर ०९:५० ला पोचून १०:०० ची एसटी मिळते, पुन्हा १३:२०. म्हणजे तपासणी हुकत नाही, पण पाच मिनिटं वाचवायला गेलो आणि थेट गाडीपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. शिवाय म्हातारं माणूस आणि लेकरू घेऊन रिक्षा, जिना, प्लॅटफॉर्म. आजींसाठी मी बुधवारी थेट एसटीच सांगेन.

आता वार बदला. तपासणी मंगळवारी असती तर ओळ ७ खोडायची नाही. ती वाचू. नगर रेल्वेला मी ०९:२० ला तयार, गाडी ०९:४०. मिळते, आणि पुण्याला १२:०५. ०७:१० ला निघून १२:०५, म्हणजे ४ तास ५५ मिनिटं. एकच बदली, आणि हातात २० मिनिटं. मंगळवारी रेल्वे लवकरही पोचते आणि कमी वेळही घेते. ती हुकली तरी १०:०० च्या एसटीची शक्यता राहते, पण त्यासाठी स्टेशनवर गाडीची वाट बघत न बसता लगेच निघावं लागेल. स्क्रीनशॉटमधून कापली गेलेली वारांची ओळ एवढा फरक पाडते.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवायची. ती वेळापत्रक खरं धरून चालते. घाटात अडकलेली एसटी किंवा सिग्नलला उभी असलेली रेल्वे कागदावर दिसत नाही. त्यासाठी बदलीचा वेळ सढळ धरायचा, आणि निघायच्या सकाळी रेल्वे वेळेवर आहे का ते एकदा पाहून घ्यायचं. गाडी उशिरा धावत असेल तर त्या ओळीतल्या वेळा बदलायच्या, ओळ तिच्या नव्या जागी सरकवायची आणि यादी पुन्हा वाचायची. दहा ओळींना पाच मिनिटंही लागत नाहीत.

वर्गात घेताना

प्रत्येक गाडीची एक चिठ्ठी करा आणि दहा मुलांच्या हातात द्या. आधी मुलांनी सुटण्याच्या वेळेनुसार रांगेत उभं राहायचं. फळ्यावर ठिकाणांची नावं लिहा. एक जण रांगेपुढून चालत जाऊन प्रत्येकाला तेच दोन प्रश्न विचारेल, दुसरा फळ्यावरची वेळ खोडून नवी लिहील. कुणाची चिठ्ठी कामाला आली आणि कुणाची नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

वजाबाकी करताना एका चुकीवर लक्ष ठेवा. १२:०५ मधून ०७:१० वजा करताना मुलं साध्या संख्यांसारखी वजाबाकी करतात (१२०५ − ७१० = ४९५) आणि "४ तास ९५ मिनिटं" लिहितात. तास उसना घेतला की १०० नाही, ६० मिनिटं मिळतात. म्हणून उत्तर ४ तास ५५ मिनिटं. उत्तरात मिनिटं ६० किंवा जास्त आली की काहीतरी चुकलं, हे मुलांना स्वतःच ओळखता आलं पाहिजे. काही मुलांना पुढे मोजत जाणं सोपं पडतं : ०७:१० ते १२:१० पाच तास, त्यातून पाच मिनिटं कमी.

स्वाध्याय

१) घरातून ०७:३५ ला पाथर्डी स्टँडवर पोचलो, तर बुधवारी पुण्याला लवकरात लवकर किती वाजता पोचू? मंगळवारी उत्तर बदलेल का?

२) ०७:१० ची गाडी माळीवाड्याला १५ मिनिटं उशिरा पोचली. बुधवारी आता कोणत्या गाडीने जायचं? मंगळवारी काय होईल?

३) ०७:४५ ला निघून १३:२० ला पोचलो. एकूण किती वेळ लागला?

उत्तरं :

१) ओळ ३ ने माळीवाडा ०९:१५, स्वस्तिक चौक ०९:३०, तिथून ओळ ६ ने पुणे १३:००. मंगळवारीही तेच, कारण नगर रेल्वेला ०९:४५ ला पोचतो आणि ओळ ७ ची गाडी ०९:४० ला सुटून गेलेली असते.

२) माळीवाडा ०९:०५, नगर रेल्वे ०९:३५. दौंडची ०९:३० ची गाडी गेली. बुधवारी स्वस्तिक चौकातून ०९:३५ ची एसटी, पुणे १३:००. मंगळवारी मात्र ०९:४० ची रेल्वे मिळते, पुणे १२:०५.

३) ५ तास ३५ मिनिटं. "५ तास ७५" आलं असेल तर पुन्हा करून बघा!